आधी कोण संपलं आणि कधी संपलं: दोन घातांकी प्रतीक्षाकालांचं गणित

प्रश्न: पंपाचं बेअरिंग आणि सील, दोन्हींचं आयुष्य घातांकी आणि एकमेकांपासून स्वतंत्र धरलंय. बनवणाऱ्याच्या चाचण्यांनुसार बेअरिंगची सरासरी ३०० तास, सीलची २०० तास. बेअरिंग आधी जाण्याची शक्यता किती, आणि जे आधी जाईल त्या वेळेचं वितरण कोणतं? सूत्रं पुस्तकात सापडली, पण माझ्या नोंदींत बेअरिंगमुळे बंद पडलेल्या पंपांची सरासरी १२० तासांच्या आसपास येते आणि सीलमुळे बंद पडलेल्यांचीही तेवढीच. कुठे चुकतंय?

उत्तर: कुठेच चुकत नाहीये. दोन्ही सरासऱ्या १२० येतात हे गृहीतक तुमच्या पंपांना लागू पडत असल्याचं लक्षण आहे. एक ३०० च्या जवळ आणि दुसरी २०० च्या जवळ आली असती, तर मला काळजी वाटली असती.

आधी आकडे. अशा गणितात सरासरी बाजूला ठेवून दर हाताशी घ्यायचा, म्हणजे सरासरीचा व्यस्त. बेअरिंगचा दर λ = 1/300 प्रति तास, सीलचा μ = 1/200 प्रति तास. दोघांची बेरीज 2/600 + 3/600 = 5/600, म्हणजे 1/120. पहिला बिघाड होईपर्यंतची वेळ पुन्हा घातांकीच असते आणि तिचा दर हीच बेरीज असतो, म्हणून तिची सरासरी १२० तास. बेअरिंग आधी जाण्याची शक्यता म्हणजे एकूण दरात बेअरिंगच्या दराचा वाटा, पाचापैकी दोन, म्हणजे ०.४. सील आधी जाण्याची शक्यता ०.६.

बेरीज दरांची होते, सरासऱ्यांची नाही. ३०० भागिले ५०० करून ०.६ काढणारे बरेच भेटतात. अशा उत्तराची दिशाच उलटी असते हे त्यांना थोड्या वेळाने कळतं, कारण जास्त टिकणारा भाग आधी जाण्याची शक्यता जास्त कशी असेल? तसंच ३०० आणि २०० ची सरासरी २५० काढून तो पहिल्या बिघाडाचा काळ म्हणणंही चूक आहे. दोघांपैकी जी वेळ लहान ती घ्यायची असेल, तर तिची सरासरी २०० पेक्षाही कमीच असणार.

आता हे का होतं ते पाहू. बेअरिंगची वेळ X, सीलची Y आणि दोघांतली लहान वेळ M धरा. M ही t पेक्षा मोठी असेल तर X आणि Y दोन्ही t पेक्षा मोठ्या असायला हव्यात. दोन्ही स्वतंत्र असल्यामुळे शक्यतांचा गुणाकार होतो:

```
P(M > t) = P(X > t) · P(Y > t)
         = e^(−λt) · e^(−μt)
         = e^(−(λ+μ)t)
```

झालं. घातांकांची बेरीज झाली आणि रूप तेच राहिलं. हाताने पडताळायचं असेल तर पहिले २४ तास घ्या. बेअरिंग २४ तासांत जाण्याची शक्यता 1 − e^(−0.08), म्हणजे ०.०७६९. सीलची 1 − e^(−0.12), म्हणजे ०.११३१. दोघांची बेरीज ०.१९००. दोन्हींची वेळ २४ तासांच्या आत असण्याची शक्यता यात दोनदा मोजली गेली आहे, ती ०.००८७ वजा केली की ०.१८१३ उरतं. थेट सूत्राने 1 − e^(−24/120) काढलं तरी ०.१८१३ च.

आधी कोण, याचं उत्तर काढताना बेअरिंगची वेळ s या क्षणी गोठवा. बेअरिंग आधी जायचं असेल तर s पर्यंत सील टिकलेलं असलं पाहिजे. त्या क्षणाभोवती बेअरिंग जाण्याची घनता λe^(−λs) आणि सील टिकण्याची शक्यता e^(−μs). त्यांचा गुणाकार सर्व s वर संकलित करायचा. मी मुद्दाम शून्यापासून न करता t पासून करतो, म्हणजे एकाच हिशोबात तिसरी गोष्टही हाती येते:

```
P(X < Y आणि M > t) = ∫[t ते ∞] λ e^(−λs) · e^(−μs) ds
                   = λ/(λ+μ) · e^(−(λ+μ)t)
```

t शून्य ठेवलं की λ/(λ+μ) मिळतं, तुमच्या बाबतीत ०.४. पण उजवी बाजू नीट बघा. तिचे दोन तुकडे पडलेत. पहिला बेअरिंग आधी जाण्याची शक्यता, दुसरा P(M > t). म्हणजे आधी कोण गेलं आणि कधी गेलं या दोन गोष्टी परस्पर स्वतंत्र आहेत. पुस्तकात ही ओळ बहुतेक वेळा स्वाध्यायात ढकललेली असते. तुमचं कोडं मात्र नेमकं तिच्यातच आहे.

बेअरिंगमुळे बंद पडलेले पंप वेगळे काढले, तर त्यांच्या वेळांचं वितरण λ दराचं नसतं, λ+μ दराचं असतं. सीलमुळे बंद पडलेल्यांचंही तेच. म्हणून दोन्ही ढिगांची सरासरी १२०. एवढंच नाही, दोन्ही ढिगांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ते जुळायला हवेत.

हे मनाला पटायला जड जातं, कारण डोक्यात असा विचार येतो की लवकर बंद पडलेला पंप सीलमुळेच गेला असणार, सील कमी टिकतं ना! आणि खूप चालून बंद पडलेला असेल तर बेअरिंग असावं. पण चालू असलेल्या पंपाकडे बघा. पाचवा तास असो की पाचशेवा, पुढच्या एका छोट्या कालखंडात h मध्ये बेअरिंग जाण्याची शक्यता सुमारे λh आणि सील जाण्याची सुमारे μh. घातांकी वितरणाला मागचं काही आठवत नाही, त्यामुळे हे गुणोत्तर प्रत्येक क्षणी २ : ३ च राहतं. बिघाड ज्या क्षणी होईल त्या क्षणी कोणाचा, हे त्या क्षणीच २ : ३ या प्रमाणात ठरतं. घड्याळात किती वाजले याचा त्याच्याशी संबंध नाही.

मग ते ३०० तास कुठे गेले? जी बेअरिंगं पाचशे किंवा आठशे तास टिकली असती, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पंपांत सील आधीच गेलं. त्यांचं मोठं आयुष्य तुमच्या नोंदीत आलंच नाही, पंप सीलच्या खात्यावर जमा झाला. बेअरिंगच्या खात्यावर उरली ती मुख्यतः कमी टिकलेली. म्हणून ‘बेअरिंगमुळे बंद पडलेल्या पंपांची सरासरी वेळ’ म्हणजे ‘बेअरिंगचं सरासरी आयुष्य’ नव्हे. मात्र अहवालात असा आकडा आला की तो वाचणारा माणूस हमखास दुसराच अर्थ घेतो, आणि बेअरिंग १२० तासच टिकतं म्हणून पुरवठादाराशी भांडण सुरू होतं.

नोंदींतून ३०० परत काढता येतात. समजा १००० पंप बिघाडापर्यंत चालवले आणि सगळ्यांचे मिळून १,२०,००० तास झाले. त्यांत ४०० वेळा बेअरिंग गेलं, ६०० वेळा सील. बेअरिंगचा दर काढताना भाजकात सगळे तास घ्यायचे, फक्त त्या ४०० पंपांचे नाहीत. कारण सीलमुळे थांबलेल्या पंपातलं बेअरिंगही तोपर्यंत न बिघडता चालतच होतं, आणि ती माहिती आहे:

```
λ ≈ 400 / 120000 = 1/300
μ ≈ 600 / 120000 = 1/200
```

अजून चालू असलेले पंप वगळू नका. समजा आणखी ५० पंप चालू आहेत आणि त्यांचे आजवरचे ४,००० तास झाले आहेत. तर भाजक १,२४,००० होईल आणि अंश ४००, ६०० तसेच राहतील. आकडा किती डळमळीत आहे याचा अंदाज हवा असेल तर बिघाडांच्या संख्येचं वर्गमूळ बघा. ४०० बिघाडांवर काढलेल्या दरात साधारण 1/√400, म्हणजे ५ टक्के प्रमाण त्रुटी असते. त्यामुळे ३०० च्या जागी २९० किंवा ३१२ आलं तर बनवणाऱ्याला खोटं ठरवायची घाई नको. पण बिघाड १६ च असतील तर ही त्रुटी २५ टक्क्यांवर जाते आणि तुलना करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

याचं एक शुद्ध उदाहरण किरणोत्सारात सापडतं, जिथे घातांकी वितरण गृहीत धरावं लागत नाही, निसर्गच ते देतो. बिस्मथ-२१२ चं अणुकेंद्रक दोन वाटांनी क्षय पावतं. सुमारे ६४ टक्के वेळा बीटा कण टाकून ते पोलोनियम-२१२ होतं, सुमारे ३६ टक्के वेळा अल्फा कण टाकून थॅलियम-२०८ होतं. या केंद्रकाचं अर्धायुष्य जवळपास ६०.६ मिनिटं. आता फक्त बिस्मथमधूनच निघणारे अल्फा कण वेगळे मोजून त्यांचा वेग निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं, तर ६०.६ मिनिटंच. बीटा मोजले तरी ६०.६ मिनिटंच. वाट बदलली म्हणून घड्याळ बदलत नाही. दोन ढिगांची सरासरी सारखी येणं ते हेच. अल्फाची वाट एकटीच उघडी असती तर अर्धायुष्य किती असतं, हे हवं असेल तर ६०.६ ला ०.३६ ने भागायचं, सुमारे १६८ मिनिटं. भौतिकशास्त्रात याला आंशिक अर्धायुष्य म्हणतात. प्रत्यक्षात ते घड्याळ लावून कोणालाही दिसत नाही, ते भागाकारातूनच काढावं लागतं. तुमचे ३०० तासही नोंदींच्या दृष्टीने तशीच आंशिक राशी आहे. बनवणाऱ्याला ती थेट दिसली, कारण त्याने बेअरिंग एकटं चालवलं.

संगणकावर खात्री करून घ्यायची असेल तर एवढं पुरे:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
n = 200_000
x = rng.exponential(300, n)
y = rng.exponential(200, n)
m = np.minimum(x, y)
w = x < y
print(w.mean(), m.mean(), m[w].mean(), m[~w].mean())
```

पहिला आकडा ०.४ च्या आसपास येईल, उरलेले तिन्ही १२० च्या आसपास, फरक पडला तर दशांशात किंवा फार तर एखाद्या तासाचा. `numpy` मध्ये `exponential` ला सरासरी द्यावी लागते, दर नाही. पायथॉनच्या स्वतःच्या `random.expovariate` ला आणि `R` मधल्या `rexp` ला मात्र दर लागतो. या गोंधळात उत्तर ०.४ च्या ऐवजी ०.६ येतं, आणि दोन्ही संख्या शक्य कोटीतल्या असल्यामुळे चूक पटकन डोळ्यात भरत नाही. म्हणून नमुना काढल्यावर `x.mean()` एकदा छापून बघायची सवय ठेवा.

पहिला बिघाड झाल्यावर दुसऱ्या भागाचं काय, हेही तुम्हाला लागेल. बेअरिंग आधी गेलं तर त्या क्षणी सीलचं उरलेलं आयुष्य पुन्हा सरासरी २०० तासांचं, नव्या सीलइतकंच. सील आधी गेलं तर बेअरिंगचं उरलेलं सरासरी ३००. म्हणजे दोन्ही भाग जाईपर्यंतची सरासरी 120 + 0.4·200 + 0.6·300 = 380 तास. (ही दुसरी, मोठी वेळ मात्र घातांकी नसते.) या गृहीतकात चालू असलेला भाग ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून बदलण्यात काही फायदा नाही. दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ऐकवा, तो मान हलवेल, आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. बेअरिंग झिजतं. झिजणाऱ्या भागाचा दर वेळेबरोबर वाढतो आणि तिथे घातांकी वितरण बसत नाही.

तुमच्या बाबतीत ते बसतंय की नाही, हे वरच्याच स्वातंत्र्यावरून तपासता येतं. सगळे १००० बिघाड वेळेनुसार लावा आणि मधोमध कापा. गृहीतक बरोबर असेल तर हा मध्य १२० ला ln 2 ने गुणून येतो, म्हणजे ८३ तासांच्या आसपास. मग दोन्ही अर्ध्यांमध्ये बेअरिंगचा वाटा वेगवेगळा मोजा. दोन्हीकडे ४० टक्क्यांच्या जवळ यायला हवा. ५०० च्या गटात या वाट्याची प्रमाण त्रुटी सुमारे २.२ टक्के असते, दोन गटांमधल्या फरकाची सुमारे ३.१. म्हणून ३८ आणि ४२ आले तर तो योगायोग समजा. पण पहिल्या अर्ध्यात ३० आणि दुसऱ्यात ५० आले, तर पंप जुना होत जातो तसा बेअरिंगचा वाटा वाढतोय. मग एक तर बेअरिंग झिजतंय, किंवा सीलचे बिघाड सुरुवातीलाच जास्त होताहेत, उदाहरणार्थ बसवताना सील तिरकं बसल्यामुळे. दोन्ही प्रसंगी ०.४ हा एकच आकडा सांगणं फसवं ठरतं.

ही चाचणी एका ठिकाणी मात्र गप्प बसते. दोन्ही भागांचे दर वेळेबरोबर वाढत असतील, पण त्यांचं गुणोत्तर कायम २ : ३ असेल, तर कोण आणि कधी हे तरीही स्वतंत्रच राहतं आणि वाटा ४० टक्केच येतो. एकाच आकार-प्राचलाची दोन वायबुल वितरणं अशी वागतात. म्हणून वाट्यासोबत M चं वितरणही तपासा. १००० पंपांपैकी t तासांनंतर किती चालू होते त्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन t समोर मांडा. बिंदू सरळ रेषेत आले आणि उतार −1/120 च्या आसपास असला तर एकूण दर स्थिर आहे. रेषा खाली वाकत गेली तर झीज आहे.

राहिला प्रश्न स्वातंत्र्याच्या गृहीतकाचा, म्हणजे X आणि Y एकमेकांशी संबंध न ठेवणारे असण्याचा. इथे नोंदी तुम्हाला वाचवू शकत नाहीत. ॲनास्तासिओस त्सिॲटिस यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की फक्त पहिली वेळ आणि तिचं कारण एवढीच नोंद असेल, तर परस्परावलंबी वेळांचं कोणतंही प्रतिमान घेतलं तरी अगदी तशाच नोंदी देणारं स्वतंत्र वेळांचं एक प्रतिमानही असतंच. पंपांची संख्या लाखावर नेली तरी यात फरक पडत नाही. सील हळूहळू गळून बेअरिंगमध्ये पाणी शिरत असेल, तर बेअरिंगच्या खात्यावरचे काही बिघाड खरं तर सीलचे आहेत, आणि ते पंप उघडून बघणाऱ्यालाच कळणार. तुमच्याकडे बनवणाऱ्याचे ३०० आणि २०० हे बाहेरून आलेले आकडे आहेत, ही म्हणून मोठी जमेची बाजू. एकटं चालवलेल्या बेअरिंगचा दर आणि पंपात बसलेल्या बेअरिंगचा भागाकाराने काढलेला दर जुळत असेल, तर अवलंबित्वाची शंका बरीच कमी होते.

एक प्रकारचं अवलंबित्व मात्र नोंदींत सरळ दिसतं. X आणि Y स्वतंत्र असतील तर दोन्ही नेमक्या एकाच क्षणी संपण्याची शक्यता शून्य असते. तुमच्या वहीत ‘दोन्ही गेले’ अशा नोंदी असतील, तर तिसरं काहीतरी दोघांना एकदम मारतंय, समजा पंप कोरडा चालणं. मार्शल आणि ऑल्किन यांनी १९६७ मध्ये याचं प्रतिमान मांडलं. त्यात तिसऱ्या धक्क्याचा स्वतःचा दर ν असतो आणि पहिल्या बिघाडाचा दर λ+μ+ν होतो. ν = 1/600 धरला तर एकूण दर 6/600, पहिल्या बिघाडाची सरासरी १०० तास, आणि वाटे असे पडतात: एकटं बेअरिंग सहापैकी २, एकटं सील ३, दोन्ही एकदम १. अशा नोंदी बेअरिंग किंवा सील यांपैकी एकाच्या खात्यावर ढकलू नका, त्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि त्याही संख्येला एकूण तासांनीच भागा.